कंपनी म्हणते पन्नास हजार, टायर संपतो पंचवीस हजारात: चूक कुठे ते शोधायची रीत

माझं टायर आणि अलाइनमेंटचं छोटं दुकान आहे, नागपुरातच. दर दिवाळीच्या आसपास एक तक्रार ठरलेली येते. परवाही आली. दिघोरीहून बुटीबोरीला रोज कामाला जाणारे एक गृहस्थ गाडीतून उतरले आणि चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, घेताना पन्नास हजार सांगितले होते. चौदा हजारात हा टकला होऊन रायला. डुप्लिकेट माल तर नाही न?"

माल डुप्लिकेट नव्हता. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेही ताजे होते. यांचा आधीचा जोडही असाच गेला होता, आणि त्याच्याही आधीचा. दर वेळी कंपनी बदलली, निकाल तोच. एकच दुखणं तीनदा तीन वेगळ्या कंपन्यांच्या टायरांना झालं, तर रोग टायरात नसतो, हे एवढं तरी मानायला हरकत नाही.

आमच्या धंद्यात दोन सोपी उत्तरं तयार असतात. दुकानदार म्हणतो, "रस्ते खराब आहेत, काय करणार." गिऱ्हाईक म्हणतं, "कंपनी खोटं बोलते." दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण दोन्हींमुळे पुढचा जोडही तसाच संपतो. म्हणून या गाडीवर मी जे मोजलं ते इथे आकड्यांसकट लिहितो. तुमच्या गाडीवर हेच करून बघता येतं. त्याला दोन-तीनशे रुपयांचा खोली मोजायचा गेज आणि एक वही लागते.

तो पन्नास हजाराचा आकडा येतो कुठून

टायरचं पूर्ण आयुष्य रस्त्यावर घालवून आकडा काढायला कोणालाच वेळ नसतो. टायर थोडा चालवतात, किती झिजला ते मोजतात आणि त्यावरून पुढचा हिशेब मांडतात. प्रत्येक कंपनीच्या घरच्या चाचणीत काय चालतं ते बाहेर सांगत नाहीत, पण एक पद्धत उघड आहे, ती अमेरिकेची. काही टायरांच्या बाजूला 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे ३००, ४०० असा आकडा कोरलेला असतो, तो त्या पद्धतीचा. त्यात टेक्सास राज्यात सॅन अँजेलो गावाभोवतीच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर गाड्या ताफ्याने चालवतात. एकूण साधारण साडेअकरा हजार किलोमीटर. दर तेराशे किलोमीटरच्या आसपास थांबून खाचांची खोली मोजतात, चाकांच्या जागा बदलतात, हवा आणि अलाइनमेंट बघतात. बरोबर एक ठरावीक संदर्भ टायरही त्याच ताफ्यात चालतो आणि त्याच्या तुलनेत नव्या टायरला अंक मिळतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, तो ३०० किंवा ४०० म्हणजे किलोमीटर नव्हेत. ते गुणोत्तर आहे. १०० च्या टायरपेक्षा ४०० चा टायर त्या रस्त्यावर, त्या निगराणीत, चौपट हळू झिजला, एवढंच. आमच्याकडे काही जण त्याला शंभराने किंवा दीडशेने गुणून किलोमीटर काढतात. त्या गुणाकाराला काही आधार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या चाचणीत दर तेराशे किलोमीटरला कोणीतरी हवा बघतो, अलाइनमेंट बघतो, चाकं फिरवतो. आपल्यापैकी किती जण हे करतात? ब्रोशरातला किलोमीटरचा आकडा कुठल्याही पद्धतीने आलेला असो, तो अशाच सांभाळलेल्या गाडीचा असतो. त्यामुळे आपला फरक मोजताना रस्त्याचा वाटा वेगळा आणि निगराणी नसण्याचा वाटा वेगळा काढावा लागतो. ते दोन्ही टायरवर वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असतात.

तीन पट्ट्या मोजा

गाडी छोटी सेडान, पुढच्या चाकांना ओढ देणारी, टायर १६५/८० आर १४. नवा टायर होता तेव्हा खाचांची खोली साडेसात मिलिमीटर. खाचांच्या तळाशी मधे मधे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. म्हणजे वापरायला मिळाले ५.९ मिलिमीटर. पन्नास हजार चालायचा असेल तर एक मिलिमीटर जवळपास साडेआठ हजार किलोमीटर पुरला पाहिजे.

मोजताना एका जागी गेज टेकवून मोकळं होऊ नका. गाडीच्या आतल्या बाजूची खाच, मधली खाच आणि बाहेरची खाच, अशा तीन पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टी चाकाच्या घेरावर तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. गेज त्या १.६ च्या उंचवट्यावर टेकत नाही ना, ते बघा. सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. आतली खाच बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. उभ्याने नुसतं पाहिलं तर बाहेरची बाजू तेवढी दिसते, आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा घाव आतल्या बाजूला असतो. "टायर तर चांगला दिसते" म्हणणारे लोक याच्यामुळे फसतात.

या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकावर चौदा हजार किलोमीटरनंतर असे आकडे आले. आत ३.४, मध्ये ४.९, बाहेर ४.६. उजव्या चाकाची चाल तीच, आतला आकडा थोडा बरा. मागच्या दोन्ही चाकांवर तिन्ही पट्ट्या सारख्याच, ५.९.

आता हिशेब. मधली पट्टी चौदा हजारात २.६ झिजली. याच वेगाने ५.९ संपायला सुमारे ३२ हजार लागतील. आतली पट्टी ४.१ झिजली. ती २० हजारातच संपेल. टायर एकच, रबर एकच, रस्ताही एकच, आणि दोन पट्ट्यांत बारा हजार किलोमीटरचा फरक. रस्त्याची गिट्टी टायरच्या आतल्या भागालाच शोधून घासत नाही. हा फरक गाडीच्या भूमितीचा आहे.

मागच्या चाकांचा हिशेबही करून ठेवा, तो पुढे लागेल. ती चौदा हजारात १.६ झिजली, म्हणजे त्या वेगाने ५१-५२ हजार.

मग हात फिरवा. नक्षीच्या ठोकळ्यांवरून तळवा आडवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत न्यायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं बोचलं, तर चाक सरळ न चालता तिरकं घासत चाललं आहे. या गाडीवर डोळे मिटूनही कळत होतं.

टो बिघडणं म्हणजे नेमकं काय

मशीनवर गाडी चढवली. दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून टो ४ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आला. म्हणजे रीमच्या मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडांमधलं अंतर ४ मिलिमीटर जास्त. या गाडीच्या चार्टमध्ये तो शून्याच्या आसपास हवा. चार मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो. रीम १४ इंची, म्हणजे साधारण ३५६ मिलिमीटर. प्रत्येक चाकाच्या वाट्याला २ मिलिमीटर. तीनशे छप्पनाला दोन, म्हणजे हजार मीटरला साडेपाच मीटर. गाडी एक किलोमीटर सरळ गेली तर प्रत्येक पुढचा टायर त्यात साडेपाच मीटर आडवा खरडला जातो. दिघोरी ते बुटीबोरी जाऊन-येऊन साठ किलोमीटर धरले, तर रोज तीनशे तीस मीटर. कोणी चाक न फिरवता तीनशे मीटर आडवं ओढत नेलं तर टायरचं काय होईल, तेच रोज थोडं थोडं होत होतं.

गृहस्थांचं म्हणणं होतं, "अलाइनमेंट त मी दर सहा महिन्यानं करतो." आणि ते खरंच करत होते. शेवटची ऑगस्टमध्ये झाली होती, पावती गाडीत होती.

इथे मी माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गाडीची अलाइनमेंट मी चार महिन्यांत तीनदा केली. दर वेळी मशीनवर आकडे हिरवे, आणि दर वेळी गाडी परत. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा आमच्या दुकानातल्या पोराने चाक उचलून हलवून पाहिलं, तर टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, एंड डुगडुगत होता. उभ्या गाडीवर टो बरोबर लावता येतो. पण जोडात प्ले असेल तर ब्रेक लावला किंवा खड्ड्यात चाक आपटलं की चाक आपल्या मर्जीने वळतं. मशीन हे दाखवत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे अलाइनमेंटच्या आधी चाक हलवून बघितल्याशिवाय गाडी मशीनवर जात नाही.

हे तुम्हीही करून घेऊ शकता. चाक जमिनीवरून उचललेलं असताना घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर बहुतेक टाय रॉडचा एंड. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर हललं तर बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बुशचं रबर तडकलंय का, ते टॉमीने अलगद रेटून बघावं लागतं, ते मेकॅनिकवर सोडा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, स्टँड लावा.

या गाडीत डावीकडचा टाय रॉड एंड ढिला होता आणि त्याच बाजूचं लोअर आर्मचं मागचं बुश फाटलं होतं. डावीच बाजू का, तर आपल्याकडे रस्त्याची डावी कड आधी उखडते. पाणी तिथेच साचतं, केबलवाले तिथेच खोदतात, आणि सिमेंट रस्ता जिथे संपून जुन्या डांबराला मिळतो तिथली पायरीही बहुतेक त्याच चाकाला लागते. छोट्या गाड्यांत स्टिअरिंगचा रॅक सहसा चाकांच्या मध्यरेषेच्या मागे असतो. खड्ड्याच्या धक्क्याने रॉड थोडा वाकला की तो आखूड होतो, चाकाची मागची कड आत ओढली जाते आणि पुढची बाहेर फाकते. म्हणून घाव आतल्या पट्टीवर, जिथे तो दिसत नाही.

थोडक्यात, खराब रस्ता टायर दोन वाटांनी खातो. एक वाट सरळ, रबर घासून. दुसरी वाट गाडीच्या जोडांमधून, आणि ही दुसरी जास्त महाग पडते. खड्डा पावसाळ्यात लागतो, टायर नोव्हेंबरमध्ये टकला दिसतो, आणि मधल्या महिन्यांत गाडी मुकाट्याने चालत राहते.

हवेचा हिशेब, नागपुरी उन्हात

बाहेरची पट्टी ४.६ आणि मधली ४.९, हा फरक लहान आहे, पण तो काही सांगतो. दोन्ही कडा मधल्यापेक्षा जास्त झिजल्या तर हवा कमी. मधली जास्त झिजली तर हवा जास्त. सकाळी थंड टायरवर बघितलं तर चारही चाकांत २५ ते २७ पीएसआय. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ होतं.

त्यांनी हवा मे महिन्यात दुपारी भरली होती, बुटीबोरीहून परत येताना पंपावर. चाळीस-पंचेचाळीसचं ऊन, तापलेला सिमेंट रस्ता, तीस किलोमीटर चाललेला टायर. आतली हवा ६० अंशाच्या पुढे गेलेली असणार. तशा टायरात ३३ भरले आणि एक कणही गळला नाही असं धरलं, तरी थंडीत पहाटे १२ अंशाला तोच टायर २६ च्या आसपास दाखवतो. पंक्चर नाही, व्हॉल्व गळत नाही, तरी सात पीएसआय गायब. आपल्या गावात मे आणि डिसेंबर यांच्यात एवढं अंतर आहे की हवा भरल्याची तारीख आणि वेळ दोन्ही विचारावं लागतं.

म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता, आणि महिन्यातून दोनदा. मे महिन्यात दुपारी गेज ३७ दाखवतो म्हणून घाबरून हवा काढणारेही बरेच असतात. ती काढू नका, संध्याकाळी ती आपोआप उतरते. नायट्रोजनने हे गणित बदलत नाही. तापमानाने तोही तितकाच फुगतो आणि आकसतो.

कमी हवेचा खराब रस्त्यावर आणखी एक त्रास आहे. टायर मऊ असला की खड्ड्याच्या धारेवर रीमपर्यंत दबतो आणि आतले धागे तुटतात. मग बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर नक्षी शिल्लक असतानाच काढून टाकावा लागतो, तो पुढे चालवायचा नाही. कंपनीच्या किलोमीटरच्या आकड्यात असे मेलेले टायर कधीच मोजलेले नसतात. ते आकडे पूर्ण झिजून संपलेल्या टायरचे असतात.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणं

टाय रॉडचा एंड आणि बुश बदलले, मग हवा थंड टायरवर ३३ केली, मग अलाइनमेंट. क्रम हाच. हवा कमी असताना गाडी मशीनवर चढवली तर तिची उंचीच चुकीची बसते आणि आकडेही. शेवटी बॅलन्सिंग.

मग त्यांना म्हटलं, आता तीन महिने चाकांच्या जागा बदलू नका, मला मोजायचंय. "आतून घासला तर टायर पलटी मारून लावा न," असं ते म्हणाले. बरेच जण हेच मागतात. पण टो नीट झाल्यावर पुढची झीज सगळीकडे सारखीच होणार. ३.४ ची पट्टी आत असो की बाहेर, ती सगळ्यात आधीच संपेल. पलटी मारून काही मिळत नाही. ज्या टायरवर 'आउटसाइड' किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, तो तर पलटवायचाच नाही. आणि ही घासलेली चाकं मागे टाकावीत का? झीज मागे हळू होते हे खरं, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते. म्हणून जास्त खोल नक्षीची चाकं मागेच ठेवायची. इतका फरक पडल्यावर रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, करायला उशीर झालेला असतो.

फेब्रुवारीत पाच हजार किलोमीटर झाल्यावर गाडी परत आली. डावं पुढचं चाक: आत २.५, मध्ये ४.०, बाहेर ३.७. तिन्ही पट्ट्या ०.९ ने उतरल्या. करवतीचे दातही पुसट झाले होते. तिन्ही पट्ट्या आता एकाच चालीने झिजत होत्या, म्हणजे रोग सापडला होता.

पाच हजाराला ०.९, म्हणजे ५.९ ला सुमारे ३३ हजार. आधी मधल्या पट्टीवरून ३२ हजार आला होता. दोन्ही जवळ आहेत, पण यावर फार भरवसा ठेवायला मी सांगणार नाही. माझा गेज ०.१ मिलिमीटरने इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि ०.९ मध्ये ०.१ म्हणजे नवव्या हिश्शाची चूक. शिवाय हे तीन महिने थंडीचे, कोरडे होते. मे महिन्याच्या गरम रस्त्यावर रबर लवकर झिजतं. उलट नवा टायर सुरुवातीला थोडा जास्त झिजतो, कारण नक्षीचे उंच ठोकळे जास्त लवलवतात. या दोन्ही गोष्टी एकमेकींना थोड्या फेडतात, पण किती ते मी सांगू शकत नाही. पाच हजारापेक्षा कमी अंतरावर मोजून निष्कर्ष काढू नका, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

आता रोटेशन. पुढचं चाक हजार किलोमीटरला ०.१८ मिलिमीटर झिजतंय, मागचं ०.११ च्या आसपास. दर आठ-दहा हजाराला जागा बदलत राहिलं तर चारही टायर सरासरी ०.१५ च्या जवळ झिजतील आणि संच ४० हजाराच्या आसपास एकदम संपेल.

म्हणजे या गाडीचा, या माणसाचा, या रस्त्याचा हिशेब असा उभा राहतो. छापलेला आकडा ५० हजार. सगळं नीट ठेवून, चाकं फिरवून ४० हजार. चाकं न फिरवता पुढच्या जोडीला ३२-३३ हजार. टो बिघडलेला ठेवला तर २० हजार. यातले पहिले दहा हजार रस्ता, ऊन आणि गाडी चालवण्याची पद्धत मिळून खातात. ते आपण फार परत मिळवू शकत नाही. बाकीचे वीस हजार मात्र जोड, टो आणि रोटेशनचे आहेत.

त्या पहिल्या दहा हजारांविषयी थोडं. उखडलेल्या डांबरातून वर आलेली गिट्टी धारदार असते आणि ती रबराचे बारीक तुकडे उडवते. टायरवर चिमटे काढल्यासारख्या खुणा दिसल्या तर ते हेच. नव्या सिमेंट रस्त्यावर पकडीसाठी ओढलेल्या रेघाही रबराला सुरुवातीला बोचतात. पण मला जास्त दोष ब्रेकचा वाटतो. टायरवर ओढ दुप्पट झाली की तो घसरतोही जवळपास दुप्पट, म्हणून घासण्यात जाणारी शक्ती चौपटीच्या घरात जाते. खड्डा दिसला की करकचून ब्रेक, खड्डा गेला की जोरात रेस, हे साठ किलोमीटरांत शंभरदा केलं तर सरळ हायवेवरचा आकडा इथे लागू पडत नाही. त्याच कंपनीचा टायर लावून समृद्धीवरून नियमित जाणारी एक गाडी माझ्याकडे येते, तिची मधली पट्टी याच्यापेक्षा बरीच हळू उतरते. तिथे ब्रेकला पाय लागतोच कमी.

मग टायरच खराब असू शकतो का? असू शकतो. हवा बरोबर, जोड घट्ट, तिन्ही पट्ट्या सारख्या, तरी मागची चाकंही झपाट्याने उतरत असतील, किंवा चारपैकी एकच टायर इतर तिघांपेक्षा वेगळा वागत असेल, तर दुकानदाराकडे जा आणि मोजलेले आकडे घेऊन जा. पण वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा. आपल्याकडची नेहमीची वॉरंटी बनवण्यातल्या दोषाची असते आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने मिळते. ब्रोशरातले किलोमीटर त्यात सहसा नसतात. एकाच बाजूने घासलेला टायर घेऊन गेलात तर तपासणारा माणूस दोन मिनिटांत परत पाठवेल, आणि त्याचं चुकत नाही.

नक्षीत ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर तो वेगळा आजार आहे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपल्याचा. त्याला अलाइनमेंट काही करू शकत नाही.

दिघोरीच्या गाडीचं पुढे ठरलंय ते असं. पुढच्या जोडीची आतली पट्टी मे अखेरीस १.६ ला पोचेल, म्हणजे ती जोडी चोवीस हजारातच जाईल, ते नुकसान झालेलंच आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन नवे टायर घ्यायचे आणि ते मागे लावायचे. मागचे आता पुढे येतील. जून ते सप्टेंबर दर महिन्याला चाक हलवून प्ले बघायचा. अलाइनमेंट पावसाच्या मधे न करता खड्डे बुजल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, आणि मधे एखादा जोराचा दणका बसला तर लगेच. त्यांनी गाडीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर तीन पट्ट्यांचे रकाने आखून घेतले आहेत. मागच्या आठवड्यात फोन आला होता, "भाऊ, हवा सकाळी भरायची म्हणता, पण सहा वाजता पंपावर हवेवाला येतच नाही न." मी त्यांना पायाने मारायचा पंप आणि स्वतःचा गेज घ्यायला सांगितलं.